नव्वद टक्के ऊर्जा जाते कुठे? (आणि दहाच का उरते?)

शेवंता७

लेक नववीत आहे. विज्ञानात ऊर्जेचा मनोरा आलाय, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, आणि त्याखाली एक ओळ की प्रत्येक पोषण पातळीवरून वरच्या पातळीला फक्त १० टक्के ऊर्जा मिळते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. पाठ करून मोकळं व्हावं की नाही, तर बाईसाहेबांचे प्रश्न सुरू. सगळीकडे दहाच कसे? नाकतोडा पण दहा आणि घार पण दहा? आणि ९० टक्क्यांची जर उष्णताच होते तर ससा तापून मरत का नाही?

मी कॉमर्सवाली, माझी बॅलन्सशीट इथे जुळेना. नेटवर शोधलं तर जिथेतिथे तोच त्रिकोण, १०००, १००, १०, १. हे कुणी खरंच मोजलंय का, आणि मोजलं तर कसं, एवढं कुणी नीट सांगेल का? परीक्षेत काय लिहायचं ते आम्हाला माहितीये, ते नका सांगू प्लीज.

निवांत_नाना

सोपं आहे हो. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम. ऊर्जेचं एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणं कधीच शंभर टक्के होत नाही, काही भाग उष्णता होणारच. गाडीच्या इंजिनात होतं तेच सशाच्या पोटात होतं. म्हणून दहा टक्के. मुलीला एंट्रॉपी समजावून सांगा, आत्ताच समजली तर बारावीला सोपं जाईल.

गवत्या

नाना, अर्धं बरोबर. दुसरा नियम म्हणतो की तूट येणारच, पण किती येणार ते तो सांगत नाही. चांगलं डिझेल इंजिन ४० टक्क्यांपर्यंत काम काढतं, तेही त्याच नियमाखाली. मग जनावर दहावरच का थांबतं हा प्रश्न तसाच राहिला ना?

शेवंताताई, मोजलंय, आणि फार निगुतीने मोजलंय. माझं सगळ्यात आवडतं उदाहरण फ्रँक गॉलीचं, १९६० सालचं, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं पडीक शेत. आवडतं अशासाठी की साखळी अगदी तीनच कड्यांची, गवत-झाडोरा, तो खाणारा व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर, आणि त्या उंदरावर जगणारा वीझल, म्हणजे मुंगसापेक्षा कितीतरी बारीक, लांबुळका शिकारी. गवत कापून, वाळवून त्यात किती किलोकॅलरी आहेत ते काढायचं, सापळे लावून उंदीर किती, किती वाढले, किती मेले ते बघायचं, आणि श्वासात ऑक्सिजन किती जातो त्यावरून शरीर किती जाळतं ते काढायचं, असा हिशोब.

आता मधे तीन नाकी आहेत अशी कल्पना करा आणि प्रत्येक नाक्यावर वसुली होते. पहिलं नाकं, खाल्लंच किती. त्या शेतात वर्षाला हेक्टरी साधारण ४ कोटी ९५ लाख किलोकॅलरी एवढी झाडोऱ्याची निव्वळ वाढ झाली. त्यातलं उंदराला खाण्यासारखं १ कोटी ५८ लाख, बाकी काड्या, मुळं, निबर भाग. आणि या खाण्यासारख्यातलं उंदरांनी प्रत्यक्षात खाल्लं फक्त अडीच लाख. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही!! बाकीचं उभंच्या उभं वाळलं, पडलं, बुरशी-जिवाणू-गांडुळांच्या वाट्याला गेलं.

दुसरं नाकं, पचलं किती. अडीच लाखातले पाऊण लाखाच्या आसपास लेंड्या होऊन बाहेर. व्होल तसा पचवण्यात बरा आहे.

तिसरं नाकं सगळ्यात महाग. पचलेल्यातले १ लाख ७० हजार उंदराने नुसतं जिवंत राहण्यात जाळले, अंग गरम ठेवणं, पळणं, उकरणं, श्वास. नवीन उंदीर म्हणून, म्हणजे वाढलेलं मांस आणि पिल्लं म्हणून शिल्लक राहिले ५,१७०.

वीझल आणखी खर्चिक. त्याने खाल्लं ५,८२४, जाळलं ५,४३४, आणि वीझलचं नवीन मांस झालं फक्त १३०. बारीक लांबट अंगाचा प्राणी, आकाराच्या मानाने कातडी जास्त, त्यातून उष्णता भराभर जाते, मिशिगनची थंडी, त्यामुळे सारखं खात सुटायचं आणि खाल्लेलं जाळायचं.

सशाचं उत्तर पण यातच आहे. ससा तापतोच की, हात लावून बघा, गरम लागतो. फक्त ती उष्णता वर्षभर थोडी थोडी कातडीतून, श्वासातून जात राहते, साठत नाही. माणूस नुसता बसून असला तरी साधारण शंभर वॉटच्या बल्बएवढी उष्णता सोडत असतो. लग्नाच्या हॉलमध्ये एसी का पुरत नाही ते यावरून कळावं.

शेवंता७

हे भारी आहे. पण एक मिनिट, हिशोबाची सवय म्हणून विचारते. उंदरांची वाढ ५,१७० झाली आणि वीझलने खाल्लं ५,८२४? उत्पन्नापेक्षा खर्च जास्त कसा? आणि ५,१७० भागिले ४ कोटी ९५ लाख केलं तर दहा टक्के सोडाच, ०.०१ टक्का येतोय. दहा हजारात एक. मग पुस्तकातले दहा कुठले?

गवत्या

ताई, तुम्ही ऑडिटला बसायला हवं.

पहिलं असं की शेजारच्या रानातून उंदीर आत येत होते. बाहेरून आलेल्या उंदरांची ऊर्जाच गॉलीने हेक्टरी १३,५०० च्या पुढे मांडलीये, त्या शेतात जन्मलेल्या मांसाच्या अडीचपट. त्यामुळे वीझलचं भागलं. शेताला कुंपण नसतं, कुठल्याही खऱ्या अभ्यासात ही आवक-जावक येतेच आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं की टक्केवारी खुळ्यासारखी येते.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि शाळेच्या चित्रात नेमका हाच बुजतो. गॉलीने मोजली ती एक साखळी. दहा टक्के म्हणतात ते अख्ख्या पातळीबद्दल. त्या शेतात गवत खाणारा एकटा व्होल नव्हता, टोळ होते, अळ्या होत्या, बी टिपणारे पक्षी होते. या सगळ्यांचं मिळून जे नवीन मांस तयार होतं ते दुसऱ्या पातळीचं उत्पन्न. एका प्राण्याचं बघाल तर आकडा किरकोळच येणार. 'गवत, नाकतोडा, बेडूक' असं चित्र काढून खाली पातळीचा आकडा लिहितात, तिथेच गोंधळ होतो.

पक्या_पोल्ट्री

नमस्कार मंडळी, मी संगमनेरकडचा, करारावर ब्रॉयलर करतो. हे दहा टक्के मला काय झेपत नाय राव. माझा एफसीआर १.६ येतो, म्हणजे एक किलो सहाशे ग्रॅम खाद्य घातलं की एक किलो जिवंत पक्षी. म्हणजे ६० टक्के झाले की नाय? दहा टक्के असते तर एका किलोला दहा किलो खाद्य लागलं असतं, कंपनीने दुसऱ्याच बॅचला पिल्लं द्यायची बंद केली असती आणि मी शेड विकून मोकळा झालो असतो. पुस्तकवाल्यांनी एकदा शेडवर यावं.

निवांत_नाना

हाहा, हे उदाहरण आवडलं. गवत्या, द्या उत्तर.

गवत्या

पक्याभाऊ, तुमची शेड म्हणजे तिन्ही नाकी कशी टाळायची याचा कारखाना आहे, म्हणून हे उदाहरण लाखाचं.

आधी ६० टक्के खाली आणू. तुम्ही किलोला किलो लावताय, पण खाद्य कोरडं आणि पक्षी ओला, जिवंत पक्ष्यात निम्म्याहून जास्त नुसतं पाणीच. ऊर्जेत बघू. खाद्यात किलोमागे एकूण ऊर्जा ढोबळ ४,००० किलोकॅलरी धरा, जिवंत पक्ष्यात किलोमागे २,०००. मग १.६ किलो खाद्य म्हणजे ६,४००, आणि त्यातून मिळाले २,०००. साधारण ३१ टक्के. तरी पुस्तकाच्या तिप्पट आहेच.

ते कसं जमतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. फीडरमधलं खाद्य जवळजवळ सगळं पोटात जातं, पडीक शेतासारखं उभं वाळत नाही, म्हणजे पहिलं नाकं फुकट. मका आणि सोयापेंड, बारीक दळलेली, चोथा कमी, म्हणून दुसऱ्या नाक्यावर वसुली कमी. आणि तिसरं, ब्रूडिंगला पिल्लांना गॅसची नाहीतर कोळशाची ऊब मिळते, हिंडायला जागा नाही, शत्रूपासून पळायचं नाही, आणि वाढीचा जोर असतानाच पाच-सहा आठवड्यात लिफ्टिंग, म्हणजे पक्षी विक्रीला उचलले. पूर्ण वाढलेला पक्षी पुढे वर्षभर ठेवला तर तो खाईल तेवढं जाळेल, वजन काही वाढायचं नाही.

आणि शेडच्या बाहेरची गणती तुमच्या एफसीआरमध्ये येत नाही. मक्याचं कणीस आलं पण ताटं-मुळं शेतात राहिली. अंडी देणाऱ्या ब्रीडर कोंबड्यांचं खाद्य वेगळं. ब्रूडरचा गॅस वेगळा. हे सगळं मक्याच्या शेतापासून धरलं की ३१ चे किती राहतील बघा.

पक्या_पोल्ट्री

हां, आता पटलं. ऊबेचं तर एकदम खरं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे रात्री पारा उतरला आणि पडदे नीट लागले नाय, किंवा ब्रूडर विझला, की पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात, खाद्य खातात पण वजन धरत नाय. त्या बॅचचा एफसीआर १.८ च्या पुढे जातो आणि खात्यातून पैसे कापले जातात. म्हणजे ते जास्तीचं खाद्य पिल्लांनी अंग गरम ठेवायला जाळलं, असंच ना? आम्ही आपलं म्हणायचो थंडी बाधली.

गावरान कोंबडीचं पण कळलं. उकिरड्यावर दिवसभर उकरत फिरते, मोठी व्हायला चार-पाच महिने. तिचं सगळं फिरण्यातच जातं. म्हणूनच तिचा भाव तसा.

गवत्या

अगदी असंच. तुमचा एफसीआर म्हणजे तिसऱ्या नाक्याची रोजची पावती. एक भर घालतो. तुमच्याच शेडमध्ये कोंबडीऐवजी मासे किंवा अळ्या असत्या तर आकडा अजून चांगला आला असता, कारण त्यांना अंग गरम ठेवावं लागत नाही. पचलेल्यातलं नवीन मांस किती होतं ते बघितलं तर रानातल्या सस्तन प्राण्यात आणि पक्ष्यात एक ते तीन टक्के, माशात दहाच्या आसपास, आणि कित्येक किड्यांत चाळीसच्या घरात. शेवंताताई, तुमच्या मुलीचा पहिला प्रश्न, नाकतोडा आणि घार दोघंही दहाच टक्के ठेवतात का, तर नाही, अजिबात नाही. नाकतोडा बचत करणारा, घार उधळी.

रुचकर_मीरा

वाचतेय केव्हाची. म्हणजे आपण जे जेवतो त्यातलं पण ९० टक्के वायाच जातं का? मी दोन महिने मोजूनमापून ज्वारीची भाकरी आणि कडधान्यं खातेय तरी वजन जैसे थे, तर माझी ट्रान्सफर, म्हणजे खाल्लेल्यातलं मांस होणं, जास्त आहे असं समजायचं का? कमी करायचा काही उपाय?

शेवंता७

मीरा, तू पूर्ण वाढलेला प्राणी आहेस गं, तुझी ट्रान्सफर शून्य असायला पाहिजे. माझी मात्र ब्रॉयलरसारखी आहे.

गवत्या

शेवंताताईंनी गमतीत बरोबर सांगितलं. वजन स्थिर आहे म्हणजे मीराताई खातात तेवढं सगळं खर्च करतात. जाळलेलं वाया गेलं असं नाही, त्यावरच तर माणूस चालतो-बोलतो. वाया हा शब्द आपल्याला खाणाऱ्याच्या बाजूने सुचतो. डाएटचं मला कळत नाही, त्याला वेगळा धागा काढा.

ताडोबाकर

चंद्रपूरहून. गाईड लोकांना विचारा, आमच्याकडे तर दहा टक्के डोळ्यांनी दिसते. एका वाघाले पाचशे तृणभक्षी लागतात, चितळ, सांबर, रानडुक्कर, गवा सगळे धरून. त्यातले वर्षाले पन्नास मारते, म्हणजे आठवड्याले एक धरा. पाचशेतले पन्नास म्हणजे किती? दहा टक्के! हाच तो नियम. उगाच मिशिगनले कशाले जाता.

निवांत_नाना

हे बाकी चपखल बसतंय.

गवत्या

ताडोबाकर, आकडे बरोबर आहेत, वाघांचे अभ्यासक के. उल्लास कारंत आणि मंडळींनी आपल्या जंगलांत केलेल्या कामातून हाच अंदाज येतो की वाघ शिकारयोग्य प्राण्यांपैकी वर्षाला दहाएक टक्के उचलतो. पण हा दहा वेगळा, तो दहा वेगळा. तुमचा दहा आहे पहिल्या नाक्याचा, हरणांच्या कळपातली किती डोकी मारली. त्याच्यावर गेले तर कळप घटायला लागतो, कारण तेवढीच भरपाई वर्षाच्या पिल्लावळीतून होते. पुस्तकातला दहा आहे तिन्ही नाकी ओलांडून पलीकडे किती ऊर्जा नवीन मांस म्हणून उरली त्याचा.

वाघाचं तेच काढून बघा. मारलेल्या पन्नासांचं वजन सरासरी ५० किलो धरा, झाले २,५०० किलो. हाडं, शिंगं, कोल्ह्या-गिधाडांनी नेलेलं सोडा. मांसाहार पचायला सोपा, ८० टक्क्यांच्या आसपास पचतो, म्हणजे दुसऱ्या नाक्यावर वाघाचं बरं चाललंय. पण वर्षाअखेरीला पूर्ण वाढलेल्या नराचं वजन तेवढंच. नवीन मांस शून्य. वाघिणीला बछडे झाले तर जे काही वाढेल तेवढीच त्या पातळीची कमाई. २,५०० किलोवर बछड्यांची काही किलो वाढ, टक्का-दीड टक्का म्हणा.

यावर एक सुंदर काम आहे, कार्बोन आणि गिटलमन यांचं, २००२ सालचं. त्यांनी लहानमोठ्या शिकारी प्राण्यांची गणती लावली तर ढोबळ हिशोब असा निघाला की १०,००० किलो भक्ष्य असेल तिथे ९० किलो शिकारी प्राणी टिकतो, मग तो मुंगूस-वीझलसारखा असो की वाघ. शंभराला एकसुद्धा नाही.

ताडोबाकर

म्हणजे वाघाच्या डोक्यावर वाघ खाणारा कोणी काहून नाही, याचं उत्तर हेच का?

गवत्या

हेच, बऱ्याच अंशी. वाघावर जगायचं तर एकट्याला वर्षाला कितीतरी वाघ लागतील, आणि ते शोधायला अख्खा विदर्भ पालथा घालावा लागेल, त्यात जेवढं मिळेल त्याच्यापेक्षा जास्त जळून जाईल. बऱ्याच साखळ्या चार-पाच कड्यांत का संपतात याचं नेहमी दिलं जाणारं कारण हेच. सगळ्यांना ते पुरेसं वाटत नाही मात्र. ऊर्जाच अडवत असेल तर भरपूर वाढीच्या उष्ण कटिबंधातल्या साखळ्या खूप लांब असायला हव्या होत्या, तशा त्या सरसकट आढळत नाहीत. यावर वाद आहे.

ओकाला_देशी

फ्लोरिडातून. ओकालाच्या बाजूला राहतो, आणि या विषयाचं तीर्थक्षेत्रच आमच्या दारात आहे म्हणून राहवेना. सिल्व्हर स्प्रिंग्ज. जमिनीतून झरा उसळतो आणि थेट नदी होऊन वाहतो, पाणी काचेसारखं, वर्षभर २२-२३ अंशांवर. तळ काचेचा असलेल्या बोटीतून फिरवतात, खाली लांब पट्ट्यांसारखं पाणगवत लवत असतं, त्यावर शेवाळाचा थर, कासवं चरताहेत, मधेच बास मासा. हॉवर्ड ओडमने इथेच १९५० च्या दशकात अख्ख्या परिसंस्थेचा ताळेबंद मांडला, १९५७ ला छापला. जागा निवडण्यातली हुशारी बघा. पाणी एका टोकाने येतं आणि दुसऱ्या टोकाने जातं, तापमान हलत नाही, तर वरच्या आणि खालच्या पाण्यातला ऑक्सिजन दिवसा-रात्री मोजला की मधल्या वनस्पतींनी किती बनवलं आणि सगळ्यांनी मिळून किती जाळलं ते निघतं.

शेवंताताईंसाठी आकडे, चौरस मीटरला वर्षाचे, किलोकॅलरीत. वनस्पतींनी सूर्यापासून पकडलं २०,८१०. त्यातलं निम्म्याहून जास्त, ११,९७७, वनस्पतींनी स्वतःच जाळलं (हे लोक विसरतात, झाडही श्वास घेतं). शाकाहाऱ्यांच्या अंगी लागलं ३,३६८. ते खाणाऱ्यांच्या ३८३. सगळ्यात वरच्यांच्या, म्हणजे बास, गार वगैरे माशांच्या, २१.

शेवंता७

थांबा, भागाकार करते. ३,३६८ भागिले २०,८१० म्हणजे १६ टक्के. मग ११. मग साडेपाच. तिन्हीची सरासरी ११. अच्छा!! म्हणजे दहा कुठेच नाही, पण सरासरी काढली की दहाच्या शेजारी.

गवत्या

आणि हे भागाकार कुठे धरून करताय त्यावर उत्तर बदलतं. वरचे आकडे 'अंगी लागलेल्या' ऊर्जेचे, म्हणजे पचलेल्या. त्याऐवजी जाळून उरलेल्या निव्वळ वाढीचे घ्या: वनस्पती ८,८३३, शाकाहारी १,४७८, त्यावरचे ६७, सगळ्यात वरचे ६. आता टक्के येतात १७, साडेचार, ९. तोच झरा, तोच माणूस, तीच वर्षं. त्यामुळे कुणी 'कार्यक्षमता इतकी' म्हणालं की आधी विचारायचं, कशाला कशाने भागलं.

आणि त्याच ताळेबंदात एक ओळ असते ती शाळेच्या त्रिकोणात नसतेच. विघटकांनी घेतलेलं ५,०६०. शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त! म्हणजे ताई, तुमच्या मूळ प्रश्नाला, नव्वद टक्के जातात कुठे, तर एका फटक्यात उष्णता होत नाहीत. न खाल्लेलं आणि न पचलेलं आधी कुजवणाऱ्यांच्या ताटात जातं, तेही खातात, वाढतात, जाळतात, आणि मग शेवटी उष्णता. २,५०० तर पाण्याबरोबर वाहून खाली गेलं, ते तिसरीकडेच कुठे जळालं.

निवांत_नाना

मग १९४२ साली तळ्यातल्या ऊर्जेचा हिशोब मांडणारा लिंडमन? दहाचा नियम त्याचाच ना? आम्ही तरी तसंच शिकलो.

गवत्या

पाया त्याचाच. मिनेसोटातलं सीडर बॉग लेक नावाचं छोटं तळं त्याने पिंजून काढलं. पेपर छापून यायच्या आधीच गेला बिचारा, सत्तावीस पूर्ण व्हायचे होते. पण त्याच्या तळ्यात शाकाहारी १३.३ टक्के आणि मांसाहारी २२.३ टक्के. दहा नाही. आणि गंमत अशी की त्याच्या आकड्यात वर जाऊ तशी टक्केवारी वाढते, ओडमच्या झऱ्यात घटते. लिंडमनला वाटत होतं वरचे शिकारी जास्त काटकसरी. हे सगळीकडे लागू होतं असं आज कुणी म्हणत नाही.

पापलेट

रत्नागिरीहून, ट्रॉलरशी संबंध. समुद्राचं कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. शाळेत मनोरा खाली रुंद वर निमुळता. पण प्लँक्टनचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचं जाळं ओढलं तर कधीकधी हिरवं चिमूटभर आणि त्याला खाणारे बारीक जवळ्यासारखे जीव ओंजळभर. खाणारा जास्त आणि खाणं कमी, हा मनोरा उलटा कसा उभा राहतो?

गवत्या

तो वजनाचा मनोरा, तो उलटा होऊ शकतो. इंग्लिश खाडीत तसाच मोजलाय, चौरस मीटरला हिरवं प्लँक्टन ४ ग्रॅम आणि प्राणी-प्लँक्टन २१ ग्रॅम. कारण हिरव्या पेशी दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि होतील तशा खाल्ल्या जातात. तुम्ही जाळं ओढता त्या क्षणी दिसते ती शिल्लक, उलाढाल नाही. वर्षाची उलाढाल मोजली तर मनोरा सरळच, ऊर्जेचा कधीच उलटा होत नाही. आणि समुद्रात पहिलं नाकं जवळजवळ मोकळं, एकपेशीय शेवाळाला ना खोड ना काड्या.

माशांच्या बाबतीत १९९५ साली पॉली आणि क्रिस्टेन्सन यांनी पाण्यातल्या परिसंस्थांची ४८ मॉडेलं तपासली, सरासरी दहाच्या आसपास आली. पण पसारा २ पासून २४ टक्क्यांपर्यंत.

पापलेट

२ की २४, याने फरक काय पडतो? सरासरी दहा आहे ना, मग दहा धरून चालू.

गवत्या

फार पडतो, कारण गुणाकार होत जातो. एक किलो सुरमई घ्या, तिच्या खाली तीन पायऱ्या धरा. दहा टक्क्यांनी खाली १,००० किलो हिरवं प्लँक्टन लागतं. पंधरा टक्के असेल तर ३०० किलोत भागतं. पाच टक्के असेल तर ८,०००. पायरीवरचा पंधरा आणि पाच एवढा फरक खाली गेल्यावर सत्तावीसपट होतो. शिवाय पायऱ्या तीनच कशावरून? तुमची तारली हिरवं प्लँक्टन थेट गाळून खाते, सुरमईने तारलीच खाल्ली तर मधली एक पायरी गळाली आणि दहा टक्क्यांनीच १,००० चे १०० झाले. पातळी पूर्णांकात मोजायची सवय समुद्रात चालत नाही, एकच मासा सकाळी अडीचवर असतो आणि संध्याकाळी साडेतीनवर.

ओकाला_देशी

तापमानाचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला होता, इंग्लंडमधली छोटी कृत्रिम तळी, निम्मी सात वर्षं ४ अंशांनी गरम ठेवलेली. वनस्पती-प्लँक्टनकडून प्राणी-प्लँक्टनकडे जाणारा वाटा गरम तळ्यांत निम्म्याहून जास्त घटला होता. अंग गरम झालं की जाळणं वाढतं.

पापलेट

मग आमच्याकडे तारली मधेच गायब होते ती यानेच का? काही वर्षं होड्या भरून, काही वर्षं भाव विचारायलाही मिळत नाही.

गवत्या

तारलीचं असं वरखाली पूर्वीपासून आहे, पाणी तापायच्या चर्चेच्या कितीतरी आधीपासून. पाऊस, खालचं थंड पाणी वर येणं, त्यावर हिरवं प्लँक्टन कधी फुलतं, आणि जाळी, सगळं एकात एक. नुसत्या पकडीच्या आकड्यावरून वेगळं काढता येणार नाही. इंग्लंडच्या टाकीतलं अरबी समुद्राला लावायला मी तरी धजावणार नाही.

पापलेट

धजावू नका, पण इथे पाणी गरम लागतंय हे आम्हाला हाताला कळतं. आणि जाळ्याचा दोष म्हणाल तर एलईडी लावून रात्रीत उपसणाऱ्या बोटींवर आधी बोला, मग प्लँक्टनवर.

पक्या_पोल्ट्री

भाऊ, त्या तारलीचा बराच माल सुकवून आमच्या खाद्यात फिशमील म्हणून यायचा की. म्हणजे माझी कोंबडी कुठल्या पातळीवर धरायची, दोनवर की तीनवर?

गवत्या

मका खाल्ला तेवढी दोनवर, तारली खाल्ली तेवढी तीनच्या आसपास. खाद्याच्या पोत्यावर फिशमील किती टक्के आहे ते सांगा, सरासरी काढू.

पक्या_पोल्ट्री

पोत्यावर प्रोटीन किती ते लिहिलंय, ते कशातून आलंय ते लिहीतच नाय.